बाळाच्या शीत रक्ताच्या रेघा

चौकहून (भाईंदर) एका भगिनीचं पत्र आलं होतं. "बाळ सात आठवड्यांचं. अंगावरच पितं, हसतं-खेळतं. जन्मतः तीन किलो होतं, आता साडेचार. पण आठ दिवस झाले, शीत चिकट शेंब आणि रक्ताच्या बारीक रेघा दिसतात. सासूबाई म्हणतात, दूध बाधतंय, अंगावरचं बंद कर."

मी त्यांना लगेच कळवलं, अंगावरचं बंद करू नका. आधी बाळ डॉक्टरांना दाखवा. गुदद्वाराला चीर आहे का, तुमच्या स्तनाग्राला भेग पडून बाळ तेच रक्त गिळतंय का, हे त्यांनी पाहायला हवं. दोन्ही नसेल आणि वजन असं छान वाढत असेल, तर बहुधा कारण असतं आईच्या पोटात गेलेलं जनावराचं दूध. त्यातल्या प्रथिनांचा अंश आईच्या दुधात उतरतो आणि काही बाळांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज आणतो. दोष तुमच्या दुधाचा नव्हे, आणि डब्याची पावडर दिलीत तर तीही गाईच्याच दुधाची!

बाईंचा आहार पाहिला तर सकाळी दुधातली अळिवाची खीर, दुपारी ताक, रात्री पेलाभर दूध. बाळंतिणीचा थाटच तो. डॉक्टरांच्या संमतीने चार आठवडे सगळं बंद ठेवायचं ठरलं. म्हशीचं, शेळीचं दूधही चालत नाही, प्रथिनं फार सारखी असतात. दही, ताक, पनीर, खवा तर गेलंच, पण तूपही, कारण घरच्या तुपात थोडा अंश राहतो. बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं वाचायची. खीर नारळाच्या दुधात केली. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी, तीळ, काट्यासकट खाल्लेली लहान मासळी (चौकला ती काय कमी!) आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या.

पाचव्या दिवशी रेघा कमी झाल्या, दहाव्या दिवशी थांबल्या. पण खरी परीक्षा पुढे. हा त्रास पुष्कळदा आपोआपही थांबतो, म्हणून चार आठवड्यांनी त्यांनी पुन्हा दूध घेतलं. तिसऱ्या दिवशी रेघ हजर. तेव्हा खात्री पटली. रेघ आली नसती, तर पथ्याची गरजच नव्हती. विनाकारण महिनोन् महिने उपाशी राहणाऱ्या आया मी पाहते, म्हणून हे सांगते. दूध सोडूनही दोन-तीन आठवड्यांत फरक न पडल्यास सोयाबीन किंवा अंड्याचा विचार डॉक्टर करतात. एकदम सगळंच सोडू नये.

आता बाळ वर्षाचं होत आलं की डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा दूध घेऊन पाहायचं. बहुतेक बाळांना तोवर ते सोसतं.

मात्र बाळ हिरवी उलटी करू लागलं, थांबून थांबून किंचाळू लागलं, पोट फुगलं, ताप आला, पिईना, फिकट पडलं किंवा रक्त रेघेऐवजी भरपूर पडलं, तर पथ्याची वाट पाहू नका. रात्र असली तरी थेट इस्पितळ गाठा.