कागद नको, मीटर हातात द्या

आपल्या वस्त्यांमधली कितीतरी पोरं गॅरेजमध्ये वाढली. शाळा सुटली आणि पाना हातात आला. उस्तादाच्या हाताखाली ती इंजिनचा आवाज ऐकून दोष सांगायला शिकली. आता रस्त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर वाढल्या, तशी त्यांना ‘ईव्ही टेक्निशियन’चं प्रमाणपत्र घेण्याची घाई झाली आहे. घाई रास्त आहे. पण त्या प्रमाणपत्रात नेमकं काय शिकवलं जातं, हे विचारल्याशिवाय आम्ही त्याचं स्वागत करणार नाही.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ‘आरपीएल’ नावाची वाट आहे. अनुभवातून शिकलेल्याची परीक्षा घ्यायची आणि त्याला प्रमाणपत्र द्यायचं. कागद नसलेल्या कारागिराच्या ज्ञानाला मान देणारी ही कल्पना आम्हाला मान्य आहे. मात्र पेट्रोल गाडीवरचा वीस वर्षांचा अनुभव बॅटरीच्या बाबतीत निम्मा उपयोगाचा आणि निम्मा घातक आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीला उघड्या हाताने धरलं तरी सहसा झटका बसत नाही. म्हणून वायरचं टोक टेकवून ठिणगी पडते का, हे बघायची सवय गॅरेजमध्ये सर्रास असते. हीच सवय लिथियम पॅकवर जीवघेणी ठरू शकते.

एक उदाहरण घेऊ. ‘६० व्होल्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅकमध्ये एनएमसी प्रकारच्या सेलचे १६ गट एकामागे एक जोडलेले आहेत, असं धरा. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक गट ४.२ व्होल्टला पोचतो, म्हणजे पॅक ६७.२ व्होल्टचा होतो. वाहनांच्या सुरक्षा नियमांत ६० व्होल्ट डीसीच्या वर धोक्याची पातळी सुरू होते. आणि चावी काढली, वायर सोडवली, तरी पॅकच्या आतले सेल बंद होत नाहीत. दोन टोकांमध्ये पाना पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू वितळून उडतो.

आता हीच स्कूटर ‘चार्जच होत नाही’ म्हणून गॅरेजला येते. मीटर लावला तर ५६.१ व्होल्ट दिसतात. पॅक ठीक वाटतो. खरं तर पंधरा गट ३.६ व्होल्टवर आहेत आणि एकच गट २.१ वर कोसळला आहे. पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने, म्हणजे बीएमएसने, ते ओळखून चार्जिंग तोडलं आहे. गिऱ्हाईक उभं आहे, त्याला उद्या डिलिव्हरीला जायचं आहे. मग कारागीर बीएमएसला बगल देऊन वायर थेट जोडतो. चार्जर एकूण ६७.२ व्होल्टपर्यंत रेटतो. कमजोर गट ३ व्होल्टवरच अडकला तर उरलेल्या पंधरांच्या वाट्याला प्रत्येकी ४.२८ येतात. म्हणजे पंधरा गट मर्यादेपलीकडे भरले जातात आणि सोळावा आतून आधीच खराब झालेला असतो. अशी बॅटरी त्याच रात्री किंवा आठवड्याने पेटू शकते, बहुधा त्या डिलिव्हरीवाल्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत.

म्हणून परीक्षा कशाची हवी, हे स्पष्ट आहे. उमेदवाराने अंगठी-कडं काढून, इन्सुलेटेड हातमोजे घालून पॅक उघडावा. मीटर आधी चालू बॅटरीवर तपासावा, मग मोजणी करावी, मग मीटर पुन्हा तपासावा. कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. प्रत्येक गट वेगळा मोजून कमजोर गट दाखवावा. फुगलेला सेल, गोडसर रसायनी वास, सुरसुर आवाज दिसला-जाणवला की पॅक उघडण्याऐवजी सगळ्यांना लांब करून अग्निशमन दलाला बोलवावं. हे हाताने करून दाखवता येत नसेल तर पन्नास पर्यायी प्रश्नांची उत्तरं बरोबर असून काय उपयोग?

पोरांनो, नाव नोंदवण्याआधी केंद्रात जाऊन चार गोष्टी विचारा. अभ्यासक्रम एनसीव्हीईटीची मान्यता असलेला आहे का? वर्गात खरा पॅक आहे की नुसता प्रोजेक्टर? एका पॅकवर किती जण बसतात? हातमोजे आणि मीटर प्रत्येकाला मिळतो का? उत्तरं गोलमोल आली तर परत फिरा. आणि प्रमाणपत्र मिळालं तरी वॉरंटीतला पॅक उघडू नका. वॉरंटी गेली तर गिऱ्हाईक तुमच्याच दारात येणार.

शासनाकडे आमची मागणीही ठोस आहे. गॅरेजमधल्या माणसाचा दिवस बुडाला की चूल थंडावते. पूर्णवेळ आयटीआयचा अभ्यासक्रम दहावी पास मागतो, तिथे तो पोचतच नाही. तेव्हा वर्ग संध्याकाळी भरवा, बुडालेल्या रोजाची भरपाई द्या, परीक्षा मराठीत आणि तोंडी-प्रात्यक्षिक घ्या. आरपीएलला आमचा विरोध नाही, पण बॅटरीसाठी त्याला प्रात्यक्षिकाचे सक्तीचे दिवस जोडा. तोवर आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातल्या केंद्रांना भेट देऊन तिथे उघडता येणारे पॅक किती आहेत, एवढं तरी मोजून लिहून आणावं.