मांडवातली पाटी

लग्नसराईत आमच्या कवठे महांकाळात कार्यालयाच्या दाराशी वधूवरांच्या नावांचा फलक आणि अत्तरदाणी ही ठरलेलीच. गेल्या वर्षापासून त्यांच्या शेजारी मी एक छोटी पाटी ठेवू लागलो आहे. कॉलेज सांभाळून मी लग्नाचे फोटो काढतो, म्हणून हा अधिकार! पाटीवर लिहिले आहे : ‘पाहुणे मंडळींस विनंती. फोटो जरूर काढा. पण दुसऱ्याचा फोटो टाकण्यापूर्वी व कोणालाही टॅग करण्यापूर्वी, फोटोत जे जे आहेत त्यांना विचारा.’

पाटी वाचून पुष्कळ लोक हसतात. एक आजोबा तर म्हणाले, “आरं पोरा, लगीन काय चोरून लावायचं असतं व्हय?”

आजोबांचे म्हणणे खोटे नाही. अक्षता चार लोकांसमक्षच पडायच्या असतात. पण मांडवातले पाचशे लोक आपल्याला दिसतात, आणि पंगत उठली की ते घरोघर जातात. फोटो पाहणारे दिसत नाहीत आणि उठूनही जात नाहीत.

ही पाटी मला एका हळदीने सुचविली. नवरीच्या मैत्रिणीने फोनवर एक फोटो काढला. त्यात पाच मुली पुढे हसताहेत आणि मागे कोपऱ्यात एक बाई उभी आहे. सासरचा छळ सोसवेना म्हणून ती घर सोडून आली होती आणि आपला ठावठिकाणा तिने सासरी कळू दिला नव्हता. मैत्रिणीने फोटो फेसबुकवर टाकला, गावाचे नाव लिहिले आणि पाचही मुलींना टॅग केले. तिसऱ्या दिवशी सासरची माणसे दारात हजर!

मैत्रिणीचा हेतू वाईट नव्हता. तिने ‘Public’ नव्हे, ‘Friends’ हाच पर्याय निवडला होता. मग फोटो तिकडे पोहोचला कसा? इथेच टॅगची खरी मेख आहे. टॅग म्हणजे केवळ नाव लिहिणे नव्हे. फेसबुकवर ‘Friends’साठी टाकलेल्या फोटोत कोणाला टॅग केले, की सहसा त्या व्यक्तीच्या मित्रमंडळींनाही तो दिसू लागतो. समजा, टाकणारीचे तीनशे मित्र आहेत आणि टॅग झालेल्या पाचजणींचे प्रत्येकी चारशे. समाईक मित्र सोडले तर पाहणारे तीनशेचे तेवीसशेपर्यंत जातात. त्या पाचांपैकी एकीच्या यादीत त्या सासरचा एक भाचा होता. तेवढे पुरले.

आता कोणी म्हणेल, सेटिंग नीट करावे. करावेच. टॅग झालेली पोस्ट आपल्या पानावर येण्याआधी आपल्याला विचारले जावे, अशी सोय आहे. परंतु ती आपल्या पानापुरतीच. टाकणाऱ्याच्या पानावर फोटो तसाच राहतो. आपला टॅग काढला तरी नाव जाते, चेहरा राहतो. आणि कोपऱ्यातल्या त्या बाईला तर कोणी टॅगच केले नव्हते! तिला सूचना आली नाही, तिच्या संमतीचा प्रश्नच कुठल्या पडद्यावर उमटला नाही. दुसऱ्यांच्या टॅगने ती उघडी पडली, आणि तिच्या स्वतःच्या फोनमधले कोणतेही कुलूप तिच्या उपयोगाचे नव्हते. किल्ली फोटो टाकणाऱ्याच्या हातात होती. म्हणूनच माझी विनंती फोटोत असणाऱ्यांना नाही, टाकणाऱ्यांना आहे.

यात मी मात्र धुतल्या तांदळासारखा आहे असे समजू नका. पूर्वी मी सगळे फोटो गूगल ड्राइव्हवर ठेवून ‘Anyone with the link’ अशी लिंक नवरदेवाला पाठवीत असे. ती लिंक भावकीच्या ग्रुपवर जाई, तिथून आणखी कुठे. ज्याच्या हाती पडेल त्याला नवरीच्या खोलीतले फोटोही खुले! आता मी ‘Restricted’ ठेवतो आणि दोन्ही घरांतल्या दोघा-चौघांचेच ईमेल पत्ते त्यात घालतो. नवरीच्या खोलीतले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त तिच्या हाती. तरीही एकदा उतरवून घेतलेला फोटो परत आणता येत नाही, हे मी लपवीत नाही.

कायदा आहे ना, असे आमचे काही मित्र म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, हे खरे. पण 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. हौसेने फोटो टाकणारी मावशी किंवा मैत्रीण सहसा त्यातच मोडते. तिला थांबवायला दाराशी ठेवलेली एक पाटी आणि “टाकू का गं?” हे तीन शब्द, एवढेच हाती उरते.

पुढच्या हळदीत तेवढे तीन शब्द कानी आले, तर आजोबांचे हसणे मी आनंदाने सोसेन.