फसलेला पहिला माल आणि आठ चित्रांची गोष्ट

आपल्या धंद्याची सुरुवात सांगताना पहिला माल कसा फसला, हे इन्स्टाग्रामवर एकामागून एक सरकणाऱ्या चित्रांतून मांडण्याची रीत आता लहान कारखानदारांपर्यंतही पोहोचली आहे. याला कॅरोसेल म्हणतात. २०१७ साली ही सोय आली तेव्हा एका पोस्टमध्ये दहा चित्रे बसत, २०२४ पासून वीस बसतात. पण अशा बहुतेक गोष्टी एकाच साच्यातल्या असतात. पहिल्या चित्रात ‘मी हरलो’, दुसऱ्यात ‘पण खचलो नाही’ आणि तिसऱ्यात नव्या मालाची किंमत. गिऱ्हाईक हे ओळखते आणि बोट पुढे सरकवते. गोष्ट खोटी असते असे नाही. ती फार लवकर सावरते, हा तिचा दोष असतो.

अशी गोष्ट कशी रचावी, हे पाहण्यासाठी जपानमधील एका कंपनीचा किस्सा घेऊ. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४५ साली मासारु इबुका यांनी टोकियोच्या निहोनबाशी भागातील शिरोकिया या दुकानाच्या इमारतीत एक खोली घेऊन काही माणसांनिशी काम सुरू केले. रेडिओ दुरुस्त करून पोट भरत होते, पण स्वतःचा असा माल हवा होता. त्यांनी भात शिजवणारे विजेचे भांडे करायला घेतले. लाकडी टपाच्या तळाशी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या. ओल्या तांदळातूनच वीज जाणार, त्या उष्णतेने भात शिजणार आणि पाणी आटले की वीज आपोआप थांबणार, अशी ती कल्पना होती. कागदावर ती झकास होती. प्रत्यक्षात भात कधी कच्चा राही, कधी जास्त शिजे, क्वचितच खाण्याजोगा होई. हे भांडे बाजारात आलेच नाही.

आता हा किस्सा आठ चित्रांत बसवू. पहिल्या चित्रात फक्त तो लाकडी टप असावा आणि खाली एकच ओळ: ‘कंपनीची पहिली वस्तू. हिच्यात भात नीट शिजला नाही.’ कंपनीचे नाव येथे देऊ नये. नाव कळले की शेवट कळतो, आणि शेवट कळला की पुढे सरकण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या चित्रात जागा आणि काळ यावा: १९४५, युद्धात जळालेले टोकियो, एक खोली, थोडी माणसे. पहिले चित्र पाहून पुढे गेलेल्या माणसाला इन्स्टाग्राम कधीकधी तीच पोस्ट पुन्हा दुसऱ्या चित्रापासून दाखवते. म्हणून दुसरे चित्र स्वतंत्रपणेही कळले पाहिजे.

तिसऱ्या चित्रात आशा दाखवावी. वीज थेट तांदळातून जाणार ही कल्पना किती हुशारीची होती, हे वाचकाला पटले पाहिजे. येथे बहुतेक जण घाई करतात. आशा उंच गेली नाही, तर पुढचे पडणे कोणाला लागत नाही. चौथ्या चित्रात कच्च्या आणि गिच्च भाताचे दोन वाडगे शेजारी ठेवावेत. येथे शब्द कमीच बरे.

पाचवे चित्र हे सर्व गोष्टीचे काळीज आहे, आणि तेच सहसा गाळले जाते. त्यात कारण यावे. तांदळाची जात बदलली किंवा पाणी कमीजास्त झाले की वीज वेगळी वाहणार, म्हणजे प्रत्येक घरात भांडे वेगळे वागणार. दोष कारागिरांच्या कष्टात नव्हता, तो मुळातल्या कल्पनेत होता. ‘खूप अडचणी आल्या’ असे म्हटल्याने कोणी हळहळत नाही. ‘तांदूळ बदलला की भात बिघडे’ म्हटले की प्रत्येक घरातील माणसाला ते समजते. भावना अशा बारीकशा खऱ्या तपशिलातून येते.

सहाव्या चित्रात एकच वाक्य असावे: ‘भांडे विकायला काढले नाही.’ येथे धीराचे बोल नकोत. वाचकाला या तळाशी क्षणभर उभे राहू द्यावे. सातव्या चित्रात पुढचे पाऊल, आणि तेही मोठे नाही. या मंडळींनी विजेवर गरम होणारी बसण्याची गादी काढली. ती खपली, पण ती त्यांनी स्वतःच्या कंपनीच्या नावाने विकली नाही, ‘गिंझा’ असे दुसरे नाव लावले. स्वतःच्या मालावर स्वतःचे नाव न घालणे, ही बाब वाचकाच्या मनात राहते. आठव्या चित्रात १९५० चा टेप रेकॉर्डर, १९५५ चा ट्रान्झिस्टर रेडिओ आणि १९५८ साली घेतलेले नाव: सोनी.

येथेच सर्वांत मोठा मोह असतो. ‘त्या भांड्याच्या अपयशाने त्यांना रेडिओ शिकवला’ असे लिहिण्याचा. असे लिहू नये. भाताच्या टपातून रेडिओ निघत नाही, आणि एकानंतर दुसरे घडले म्हणून पहिल्यामुळे दुसरे घडले असे होत नाही. उलट खरे सांगायचे तर आपोआप थांबणारे भाताचे भांडे १९५५ साली तोशिबा या दुसऱ्याच कंपनीने बाजारात आणले. त्यांनी वीज तांदळातून नेली नाही. तांदळाचे भांडे दुसऱ्या भांड्यात ठेवले आणि बाहेरचे पाणी आटून उष्णता वाढली की खटका बंद होईल असे केले. म्हणजे तो प्रश्न सुटला, पण दुसऱ्याच्या हातून. शेवटच्या चित्रात ही एक ओळ घातली तर गोष्ट कमी गोड होते, पण तिच्यावर विश्वास बसतो.

आपल्याकडील उदाहरण घेऊ. समजा, मालेगावच्या एका कारखानदाराच्या पहिल्या लुंग्यांचा रंग सुटला, कारण रंगवल्यावर साबणाच्या गरम पाण्यात धुण्याची पायरी घाईत गाळली गेली आणि कापडावर न बसलेला रंग तसाच राहिला. त्याच्या गोष्टीत पाचव्या चित्रात ही पायरीच यावी. पण सोनीचे भांडे कोणाच्या घरी गेले नव्हते, या लुंग्या गेल्या. म्हणून येथे एक चित्र जादा लागते: ज्यांच्या घरचे कपडे खराब झाले त्यांचे काय केले? पैसे परत दिले की माल बदलून दिला? याचे उत्तर नसेल तर ही गोष्ट सांगूच नये. आपल्या दुःखाची कथा ऐकवून घेणाऱ्याचे नुकसान झाकणे हा व्यापार नव्हे.

पोस्ट टाकण्यापूर्वी एक कसोटी लावावी. गोष्ट माहीत नसलेल्या माणसाच्या हाती मोबाइल द्यावा आणि नंतर विचारावे, ‘माल का फसला?’ त्याने ‘कष्ट कमी पडले’ असे सांगितले तर पाचवे चित्र पुन्हा लिहावे. त्याने तांदूळ आणि पाणी सांगितले, किंवा धुण्याची राहिलेली पायरी सांगितली, तर गोष्ट तयार झाली असे समजावे.