पिशवी काढली, पण सांगितलं काय?

माझ्या आजीला तिच्या पाळीबद्दल आयुष्यात दोनदा सांगण्यात आलं. न्हाण आलं तेव्हा तिच्या आईनं सांगितलं की चार दिवस बाजूला बसायचं, देवाकडे फिरकायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. पुढे तालुक्याच्या एका डॉक्टरनं सांगितलं की पिशवी सडली आहे, आत्ताच काढली नाही तर कॅन्सर होईल. तेव्हा ती जेमतेम तिशीची होती. मधल्या काळात तिला तिच्या शरीराबद्दल एकही खरं वाक्य कुणी ऐकवलं नाही.

आम्ही बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला जाणारे. घरात शिकून नर्स झालेली मी पहिलीच. त्यामुळे मला तरी सगळं नीट सांगितलं गेलं असेल, असं आजी धरून चालली होती. एका रात्री तिनं विचारलंच, “तुला साळंत काय सांगितलं गं?”

मी सांगितलं. आठवीत मुलांना मैदानावर पिटाळलं, एका पॅडच्या कंपनीकडून आलेल्या बाईंनी चित्रफीत दाखवली आणि प्रत्येकीच्या हातात दोन पॅड ठेवून त्या गेल्या. पॅड किती तासांनी बदलायचं आणि कागदात गुंडाळून कुठे टाकायचं, ते कळलं. किती रक्त गेलं तर ते जास्त समजायचं, हे कळलं नाही. माझं पॅड तासा-दीड तासात भिजायचं, गाठी पडायच्या, आठ-आठ दिवस पाळी थांबायची नाही. घरी, शाळेत, सगळीकडे एकच उत्तर मिळायचं: सगळ्यांनाच जातं. पुढे नर्सिंगला रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन आठच्याही खाली निघालं. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं दर महिन्याला बीज बाहेर पडतंच असं नाही, त्यामुळे आतलं अस्तर जाड होत जातं आणि मग एकदम कोसळतं. त्यावर साध्या गोळ्या आहेत, लोह आहे. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं मला कुणी दिली नाहीत, कारण त्या तासाला पॅड विकायची होती.

“आन् जाती कवा, ते सांगितलं का?” आजीनं विचारलं.

नाही. पाळी जाण्याबद्दल शाळेत अवाक्षर नव्हतं. बारा महिने सलग पाळी आली नाही की ती गेली असं मानतात, आपल्याकडे हे साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान होतं, त्याआधी काही वर्षं ती मागेपुढे होते, आणि एकदा गेल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं तरी तपासणी करावीच लागते. हे सगळं मी पुस्तकातून शिकले. आजीला तर ती गेली तेव्हा ‘सुटलीस बाई’ एवढंच ऐकायला मिळालं.

मग तिनं पत्र्याच्या पेटीतून दवाखान्याचा कागद काढला. इतकी वर्षं तिनं तो जपून ठेवला होता आणि त्यावर काय लिहिलंय हे तिला ठाऊक नव्हतं. कागद इंग्रजीत होता. त्यावर लिहिलं होतं, टीएएच विथ बीएसओ. म्हणजे पोट फाडून गर्भाशय काढलं, आणि सोबत दोन्ही अंडाशयंही.

पिशवी काढली हे तिला माहीत होतं. अंडाशयं काढली हे तिला त्या रात्री माझ्याकडून कळलं. फरक जिवावर बेतणारा आहे. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं आपलं काम बहुधा चालू ठेवतात. अंडाशयंही काढली तर शरीरातलं इस्ट्रोजेन काही दिवसांत कोसळतं. जे पन्नाशीकडे हळूहळू व्हायचं ते तिशीत एका रात्रीत होतं. ऑपरेशननंतर तिच्या अंगातून वाफा निघायच्या, रात्री लुगडं घामानं भिजायचं. फडातल्या बायका म्हणायच्या ऊन बाधलं. पन्नाशीही झाली नव्हती, तर साध्या ओल्या अंगणात घसरून तिचं मनगट मोडलं. मग पाठ वाकली. लोक म्हणाले, ऊस वाहून वाहून वाकली. हाडातला चुना इस्ट्रोजेन धरून ठेवतं, आणि ते तिच्याकडून काढून घेतलं होतं, हे कुणी म्हणालं नाही. इतक्या लवकर अंडाशयं गेलेल्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या द्यायला हव्यात. तिला टाके काढून घरी पाठवलं, तेही मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचे पैसे मोजून घेतल्यावर.

तिला झालं तरी काय होतं? मी खोदून विचारलं. पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. कोपीत राहायचं, आडोसा नाही, पाणी नाही, पाळीचं कापड कसंतरी खळबळून ओलंच पुन्हा घ्यायचं. पहाटे फडात, रात्री मोळ्या डोक्यावरून गाडीत. यातून होतो तो जंतुसंसर्ग, आणि त्यावर आठ-पंधरा दिवसांच्या गोळ्या लागतात, नवऱ्यालाही द्याव्या लागतात. पांढरं जाणं हे गर्भाशय काढण्याचं कारण नाही. त्यातून कॅन्सर होत नाही. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची शंका असेल तर तिथल्या पेशी घेऊन तपासतात, लागलं तर तुकडा काढतात. आजीचा तुकडा कुणी तपासला नाही. पोटावर सोनोग्राफी फिरवली आणि घाबरवलं.

ही एकट्या आजीची गोष्ट असती तर मी लिहायला बसले नसते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पन्नाशीच्या आतल्या बायकांचं देशभरातलं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बीडच्या बायकांची गर्भाशयं काही वेगळ्या मातीची नाहीत. वेगळा आहे तो धंदा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल दोघांच्या नावावर, खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि पाळीच्या दिवसांत खाडा पडतोच. मुकादमाला खाडा नको, दवाखान्याला ऑपरेशन हवं, आणि बाईला कुणी काही सांगितलेलं नाही. तिचं अज्ञान या दोघांनाही सोयीचं आहे. म्हणून ‘बायका स्वतःच काढून घ्यायला येतात’ असं कुणी डॉक्टर म्हणाला की मला त्याची चीड येते. पुढे काय होणार हे न सांगता घेतलेला अंगठा ही संमती नव्हे, फसवणूक आहे.

अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०२२ मध्ये आल्या. त्या तीन महिन्यांत लागू करा, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलं. कागद चांगला आहे. पण दवाखान्याच्या दारात बाईनं काय विचारायचं, हे तिला कोण सांगणार?

या हंगामाआधी माझ्या चुलतीलाही तेच सांगण्यात आलं. वय सदतीस, पाळीत अंगावरून फार जातं, पिशवी काढा. मी आणि आजी दोघी तिच्यासोबत गेलो. मी विचारलं, तुकडा तपासलात का? रक्त किती आहे? गोळ्या देऊन पाहिल्या का? संप्रेरकाची तांबी बसवता येईल का? आणि काढायचीच झाली तर अंडाशयं ठेवणार की नेणार? डॉक्टरनं फाइल मिटली आणि ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ म्हणाला. तिथे तुकडा तपासला, तो निर्दोष निघाला. हिमोग्लोबिन सात होतं. तिला शिरेतून लोह दिलं आणि तांबी बसवली. पहिले काही महिने मधूनमधून डाग पडतील, घाबरून काढायला येऊ नका, हेही तिथल्या बाईंनी तिला बसवून सांगितलं. आजी शेजारी बसून ऐकत होती. बाईंचं बोलून झाल्यावर तिनं पेटीतला कागद त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, “आता माझं सांगा.”