केबीसीच्या ‘२५ लाखांच्या’ प्रमाणपत्राचा फोटो खरा की जोडलेला? मोबाईलवरच असे तपासा

छत्रपती संभाजीनगर : ‘अभिनंदन, आपल्या सिमकार्डला २५ लाखांची लॉटरी लागली आहे.’ सोबत एक फोटो. त्यावर अमिताभ बच्चन, मुकेश अंबानी आणि पंतप्रधान मोदी यांची छायाचित्रे, ‘कौन बनेगा करोडपती’चे बोधचिन्ह, बँकेचे नाव, गोल शिक्का, लॉटरी नंबर आणि खाली ‘मॅनेजर’चा व्हॉट्सॲप क्रमांक. हा फोटो गेली कित्येक वर्षे देशभर फिरतो आहे. पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाने तो खोटा असल्याचे वेळोवेळी सांगितले आहे. तरीही तो फिरतो, कारण प्रत्येक वेळी त्यावर नवे नाव आणि नवी तारीख असते. ज्याला आपलेच नाव छापलेले दिसते, त्याला हा फोटो जुना वाटत नाही.

हे प्रमाणपत्र कोणी दरवेळी नव्याने तयार करत नाही. एकदा बनवलेला साचा असतो, त्यातल्या दोन-तीन जागा रिकाम्या ठेवलेल्या असतात. नाव, मोबाईल क्रमांक, तारीख एवढेच बदलते. बाकी शिक्का, सही, बोधचिन्हे, अगदी कडेची नक्षीही तीच राहते. तपासणीची सुरुवात नेमकी इथून करायची.

दोन प्रती शेजारी ठेवा

समजा, सिडकोतील एका कुटुंबाच्या ग्रुपवर काकांच्या नावाचे प्रमाणपत्र आले. काका म्हणतात, ‘माझे नाव आहे, नंबर आहे, शिक्कासुद्धा आहे.’ भाचीने तो फोटो गॅलरीत सेव्ह केला आणि गुगल लेन्समध्ये टाकला. पूर्ण फोटो टाकल्यावर बच्चन यांचे भलतेच फोटो समोर आले. इथे बहुतेक जण थांबतात. लेन्सला फोटोत चेहरा दिसला की तो चेहऱ्यामागेच धावतो. म्हणून चेहरे वगळून फक्त शिक्का आणि सहीचा भाग क्रॉप करून पुन्हा शोधावे. मग फोटोवरचा लॉटरी नंबर आणि फाईल नंबर अवतरण चिन्हांत टाईप करून त्यापुढे fake किंवा scam लिहून वेगळा शोध घ्यावा. या साच्यातले नंबरही पुन्हा पुन्हा वापरले जातात. एका ‘विजेत्या’चा नंबर दुसऱ्याच्या प्रमाणपत्रावर दिसला, तर प्रश्नच मिटतो.

जुनी प्रत सापडली की ती आणि काकांची प्रत सारख्याच आकारात क्रॉप करावी आणि गॅलरीत एकामागून एक पटपट सरकवून पाहावी. बदललेली अक्षरे जागच्या जागी उडी मारतात, बाकी चित्र हलत नाही. शिक्क्याकडे विशेष लक्ष द्यावे. रबरी शिक्का हाताने दोनदा मारला, तर तो दोन्ही वेळा त्याच कोनात, त्याच जागी आणि तेवढ्याच शाईने उमटत नाही. तहसील कार्यालयातले कोणतेही दोन दाखले शेजारी धरले की हे कळते. दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या तारखांच्या कागदांवर शिक्क्याची फिकट कडासुद्धा तंतोतंत जुळत असेल, तर तो शिक्का कागदावर मारलेला नाही, चित्रावर चिकटवलेला आहे.

देवनागरीतले नावही चुगली करते. जुन्या पद्धतीच्या डिझाईन सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते. बाकी मजकूर नीटनेटका आणि फक्त नावातली वेलांटी तुटलेली, म्हणजे ते नाव नंतर भरले आहे. पण हा पुरावा जोडीला धरावा. खऱ्या सरकारी कागदांवरही फुटकी जोडाक्षरे आढळतात, हे वाचकांना सांगायला नको!

तिकिटाचा फोटो असेल तर

काही संदेशांत प्रमाणपत्राऐवजी छापील तिकिटाचा फोटो येतो. त्यात बहुतेक वेळा फक्त आकडे बदललेले असतात. फोटो मोठा करून आकड्यांची कडा शेजारच्या छपाईशी ताडून पाहावी. कॅमेरा थोडा हलला असेल तर सगळीच अक्षरे सारखी पुसट होतात. त्यात एक आकडा करकरीत दिसला तर शंका घ्यावी. तिकिटाला घडी असेल तर तिच्यावरचा आकडाही घडीबरोबर किंचित वाकायला हवा. आकड्यामागची बारीक नक्षी तेवढ्याच चौकोनात गुळगुळीत झाली असेल, तर जुना आकडा पुसून नवा बसवला आहे.

इंटरनेटवर ‘फोटो फॉरेन्सिक’ नावाने मिळणारी साधने इथे फारशी उपयोगी नाहीत. ती फोटोच्या वेगवेगळ्या भागांचे कॉम्प्रेशन वेगळे आहे का, ते बघतात. व्हॉट्सॲप नेहमीच्या दर्जात फोटो पाठवताना तो लहान करते आणि पुन्हा कॉम्प्रेस करते. पाच-सहा ग्रुप फिरून आलेल्या फोटोत मूळचे फरक विरून जातात. उलट ठळक अक्षरांच्या कडा अशा साधनांत तशाही चमकतात, त्यामुळे खरा फोटोही बनावट वाटू शकतो. फोटो कधी, कोणत्या फोनने काढला ही माहितीही व्हॉट्सॲपवर पाठवताना निघून जाते. ती नाही म्हणून फोटो खोटा, असे म्हणता येत नाही.

सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. शोधात काहीच सापडले नाही, तर साचा कदाचित नवा असेल एवढेच समजावे. आणि तिकिटाचा फोटो शंभर टक्के अस्सल निघाला तरी ते तिकीट तुमचे ठरत नाही. दुसऱ्याने विकत घेतलेल्या खऱ्या तिकिटाचा फोटो काढायला कितीसा वेळ लागतो?

कागद काय म्हणतो, तेही वाचा

फोटोत काही सापडले नाही, तरी मजकुरात सापडते. लॉटरी नियमन कायदा १९९८ नुसार लॉटरी राज्य सरकार काढते, तिकिटावर राज्याची मुद्रा लागते आणि सोडतही राज्यच घेते. सिमकार्डवर, तिकीट न घेता लागणारी लॉटरी या चौकटीत बसतच नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरीचे बक्षीसही मूळ तिकीट हातात असेल तरच मागता येते.

पैशाचे गणितही तपासावे. बक्षिसावरचा ३० टक्के कर देणाऱ्याने आधीच कापून घ्यायचा असतो. म्हणजे २५ लाखांतून साडेसात लाख कापून साडेसतरा लाख हातात यायला हवेत. काकांना मात्र ‘आधी प्रोसेसिंग फी भरा, मग जीएसटी, मग कर’ असे सांगितले गेले असते. फी म्हणून क्यूआर कोड आला, तर तो पैसे न देणाऱ्या साध्या स्कॅनर ॲपने उघडून पाहावा. त्यात मजकूर असा सुरू होत असेल, तर तो पैसे पाठवण्यासाठी आहे, मिळण्यासाठी नाही :

```
upi://pay?pa=
```

संदेश पाठवणाऱ्या क्रमांकाची सुरुवातही बघावी. या फसवणुकीत +92 ने सुरू होणारे क्रमांक वारंवार आढळले आहेत आणि तो पाकिस्तानचा कोड आहे. मात्र +91 दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये, भारतीय सिमकार्डही वापरली जातात.

तक्रार करायची असेल तर चॅट डिलीट करू नये. नुसता स्क्रीनशॉट ठेवला तर साच्यातला बारीक तपशील आणखी पुसट होतो. म्हणून मूळ फोटो, व्हॉइस नोट आणि क्रमांक तिन्ही जपावेत. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा, व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. पैसे गेले नसतील तरी cybercrime.gov.in वर किंवा शहरातील सायबर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. आणि ‘सावध राहा’ म्हणून तो फोटो पुढे पाठवायचाच असेल, तर आधी त्यावर मोठ्या अक्षरांत ‘बनावट’ लिहून क्रमांक झाकावा. नाहीतर तोच स्वच्छ फोटो पुढच्या ग्रुपमध्ये पुन्हा बक्षीस होऊन पोहोचतो.