घड्याळासाठी डॉक्टरची चिठ्ठी?

"डॉक्टर, मुख्याध्यापकांना एक चिठ्ठी द्या. मुलाला वर्गात फिटनेस वॉच घालू द्यावं, वैद्यकीय कारणासाठी." अशी मागणी करणारे पालक हल्ली बरेच येतात. बहुतेकांना मी नाही म्हणतो आणि ते नाराज होतात.

आठवीतल्या एका मुलाचे ठोके गणिताच्या परीक्षेआधी घड्याळात 118 दिसले. आई घाबरून त्याला घेऊन आली. तपासणी आणि ईसीजी नॉर्मल होते. परीक्षेच्या भीतीने ठोके वाढतातच! घड्याळामुळे मात्र मुलगा दर पाच मिनिटांनी आकडा बघू लागला आणि आकडा बघून आणखी घाबरू लागला. चिठ्ठी दिली असती तर मी आजार बरा केला नसता, वाढवला असता.

माझी कसोटी सोपी आहे: आकडा दिसल्यावर वर्गात कोण, काय करणार? उत्तर नसेल तर घड्याळ घरी राहू द्या.

आता दुसरी बाजू. सहावीतल्या एका मुलीला टाइप 1 मधुमेह आहे. तिच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे आणि त्याचा आकडा घड्याळावर दिसतो. घड्याळ स्वतः साखर मोजत नाही. सुई किंवा सेन्सरशिवाय साखर सांगणारं घड्याळ कोणी विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

तिच्यासाठी मी आनंदाने चिठ्ठी दिली, पण एक चूक केली. मी फक्त घड्याळाची परवानगी मागितली. शाळेने ती दिली, आणि नियमानुसार फोन ऑफिसच्या कपाटात ठेवला. तिच्या सेन्सरचा आकडा फोनवरून घड्याळात येतो. फोन दूर गेला आणि घड्याळ कोरं झालं. दुपारी साखर उतरली, तेव्हा अलार्म वाजलाच नाही. घाम आणि थरथर बघून मैत्रिणीने बाईंना सांगितलं, म्हणून निभावलं.

आता मी अशी चिठ्ठी देतो:

"मा. मुख्याध्यापक, विद्यार्थिनीचं घड्याळ आणि सायलेंटवर ठेवलेला फोन तिच्या दप्तरात, तिच्याजवळच असू द्यावा. आकडा 70 च्या खाली गेल्यास किंवा घाम, थरथर, गोंधळ दिसल्यास तिला जागेवरच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. 15 मिनिटांनी ग्लुकोमीटरने तपासावं, अजून कमी असल्यास पुन्हा साखर द्यावी. तिला एकटीला कुठेही पाठवू नये. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून 108 ला फोन करावा."

मुख्याध्यापकांनो, 'सगळ्यांना एकच नियम' हे उत्तर या मुलीच्या जिवावर बेतू शकतं. आणि पालकांनो, पावलं मोजण्यासाठी मागितलेली प्रत्येक खोटी चिठ्ठी तिच्या खऱ्या चिठ्ठीची किंमत कमी करते.