दोन मीटर, चार बोटे, एक तास

चंद्रपूर-गडचिरोलीतील मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, आश्रमशाळांचे अधीक्षक आणि पालकहो,

दहावी-बारावीचे परीक्षा अर्ज भरण्याआधी आपल्या वर्गातले एक मूल शोधा. ते वही नाकाशी धरते, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते, वाचताना ओळ गाळते. चष्मा लावूनही त्याला पुसटच दिसते. ते अंध नाही, म्हणून वरोऱ्याच्या अंध विद्यालयाचा विचार कुणी करत नाही. आणि डोळस मुलांत बसते, म्हणून आळशी ठरते.

पुस्तक जवळ धरल्याबद्दल त्याला रागावू नका. त्याने डोळे बिघडत नाहीत, अक्षर मोठे दिसते एवढेच.

त्याच्या तपासणीच्या कागदावर 6/60 लिहिले असेल, तर इतरांना 60 मीटरवरून ओळखू येते ते त्याला 6 मीटरवरून येते. फळ्यापासून 2 मीटरवर, पहिल्या बाकावर बसवले, तरी 3 सेंटिमीटर उंचीचे अक्षर त्याला जेमतेम ओळखता येईल. सहज वाचायला त्याच्या दुप्पट, म्हणजे साधारण चार बोटे उंच अक्षर हवे. म्हणून नुसते पुढे बसवून भागत नाही. अक्षर मोठे काढा आणि लिहिताना मोठ्याने वाचा. खिडकी त्याच्या पाठीशी किंवा बाजूला असू द्या. उघड्या दाराकडे तोंड करून बसवले, तर उजेडाने फळा दिसेनासा होतो.

धडा ए-4 वरून ए-3 कागदावर झेरॉक्स केला की 12 पॉइंटचे अक्षर 17 चे होते. पण नकाशा असा मोठा केला की फक्त गर्दी मोठी होते. त्यातल्या मोजक्याच रेषा काळ्या स्केचपेनने नव्याने काढून द्या. ज्याला नळीतून पाहिल्यासारखे समोरचे तेवढेच दिसते, त्याला मात्र फार मोठे अक्षर अडचणीचे ठरते. म्हणून दोन-तीन आकारांचे नमुने पुढे ठेवा आणि कोणते सोपे जाते, हे त्यालाच विचारा.

आता परीक्षा. केंद्र शासनाच्या 2018 च्या सूचनांनुसार 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेला विद्यार्थी लेखनिक न घेताही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा मागू शकतो. त्याला स्वतः लिहिता येत असेल, तर लेखनिक लादू नका. मात्र जादा वेळेची सवय सहामाहीपासूनच लावा. बोर्डाच्या दिवशी पहिल्यांदा मिळालेला तास वाया जातो.

या सवलतीसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. सिरोंचा किंवा भामरागडहून जिल्हा रुग्णालय गाठायचे, तर एक दिवस मोडतो, आणि फेरी एकच पुरेल असे नाही. म्हणून परीक्षेची वाट पाहू नका. याच आठवड्यात गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना भेटा, swavlambancard.gov.in वर नोंदणी करा आणि मुख्याध्यापकांनी सवलतीचा प्रस्ताव नागपूर विभागीय मंडळाकडे वेळेत पाठवावा. पालकहो, त्या प्रस्तावाची पोच मागून घ्या.